पारायणाचा फलक : ओव्यांचा हिशेब, वाचकांच्या पाळ्या

ज्ञानेश्वरीचा पाचवा अध्याय १८० ओव्यांचा आहे आणि अठरावा १८१० ओव्यांचा. एकाच ग्रंथातले हे दोन अध्याय, पण एक दुसऱ्याच्या दहापट. सप्ताहाची सूचना लिहायला बसणाऱ्याने एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली, तर सातव्या दिवशी होणारी बरीचशी ओढाताण टळते. तरीही गावोगावच्या देवळांच्या भिंतींवर जे फलक लागतात, त्यांत बहुतेक ठिकाणी वाचनाची वाटणी अध्यायांवर केलेली असते. ‘पहिला दिवस : अध्याय १ ते ३, दुसरा दिवस : अध्याय ४ ते ६’ अशी. वाचायला ती सोपी आणि नीटनेटकी दिसते. गोंधळ आठवड्याच्या शेवटी होतो.

सध्याच्या प्रचलित प्रतींमध्ये ज्ञानेश्वरीच्या सुमारे ९०३२ ओव्या आहेत. प्रतीप्रतींमध्ये थोडा फरक पडतो, आणि त्याला कारण आहे. शके १२१२ म्हणजे इ.स. १२९० मध्ये नेवाशाला हा ग्रंथ सांगून झाला. त्यानंतर नकला होत गेल्या, पाठ बिघडले, आणि शके १५०६ म्हणजे १५८४ मध्ये एकनाथांनी त्याचे शुद्धीकरण केले. आजही साखरे परंपरेची प्रत आणि दांडेकरांची प्रत शेजारी ठेवली, तर काही अध्यायांत ओव्यांचे आकडे पुढेमागे होतात. एकटा वाचणाऱ्याला त्याने काही अडत नाही. पण वाचक पाळीपाळीने बसणार असतील, एकाने थांबायचे आणि दुसऱ्याने तिथूनच उचलायचे असेल, तर एकाची ‘तेराव्याची हजारावी ओवी’ दुसऱ्याच्या पोथीत वेगळीच निघू शकते. म्हणून सूचनेच्या पहिल्या चार ओळींत कोणती प्रत वाचली जाणार हे लिहिलेले असावे, आणि व्यासपीठावर तीच एक पोथी सातही दिवस राहावी. वाचक बदलतील, पोथी बदलू नये.

सामुदायिक पारायणाच्या दोन तऱ्हा आहेत. मोठ्या अखंड हरिनाम सप्ताहात शे-दोनशे वाचक आपापली पोथी घेऊन बसतात, व्यासपीठ-चालक पुढे म्हणतो आणि सगळे त्याच्याबरोबर म्हणतात. लहान गावात, वाडीवर किंवा शहरातल्या सोसायटीच्या देवळात इतके वाचक मिळत नाहीत. तिथे एक जण व्यासपीठावरून वाचतो, काही जण पोथीत बोट ठेवून मागोमाग येतात आणि बाकीचे नुसते ऐकतात. वाचणारा ठरावीक वेळाने बदलतो. या दुसऱ्या तऱ्हेत सूचनेवर सगळा भार येतो, कारण कोण कधी बसणार, कुठून कुठपर्यंत वाचणार आणि ऐकणाऱ्याने नेमके केव्हा यावे, हे तिच्यावरूनच कळायचे असते.

सुरुवात घड्याळापासून करावी लागते. स्पष्ट उच्चार, चरणाला छोटा थांबा आणि ओवीनंतर श्वास, अशा चालीत एका ओवीला साधारण नऊ सेकंद लागतात. शंभर ओव्यांना पाव तास झाला. या दराने अख्खा ग्रंथ साडेबावीस तासांचा आहे. हा दर कागदावर मानून चालू नये, मोजून घ्यावा. सप्ताहाच्या दहा-बारा दिवस आधी एका संध्याकाळी सगळ्या वाचकांना बोलवायचे आणि प्रत्येकाकडून पंधरा मिनिटे वाचून घ्यायचे. चाचणी पहिल्या अध्यायाची घेतली, तर फसगत होते. मंगलाचरण निम्म्या लोकांना पाठ असते आणि ते भरभर म्हणतात. तेराव्या अध्यायाच्या मध्यातला भाग द्यावा. तिथे ओळखीच्या ओव्या कमी आणि अडखळायच्या जागा जास्त, म्हणून खरा वेग तिथे कळतो. कुणाच्या ऐंशी ओव्या होतील, कुणाच्या एकशेवीस. ऐंशीवाला वाईट आणि एकशेवीसवाला चांगला असे मुळीच नाही. ऐकणाऱ्याला ऐंशीवाला अधिक कळतो. पण तक्ता करणाऱ्याला दोघांचे आकडे माहीत हवेत.

आता अध्यायवार वाटणीत काय होते ते पाहू. अठरा अध्याय, सात दिवस. म्हणून पहिले चार दिवस रोज तीन अध्याय आणि पुढचे तीन दिवस रोज दोन, अशी वाटणी सहज सुचते. दुसऱ्या दिवशी चौथा ते सहावा अध्याय येतो. त्या ओव्या भरतात ९०२, म्हणजे सव्वादोन तासांचे वाचन. सातव्या दिवशी सतरावा आणि अठरावा. त्या होतात २२४३, आणि त्यांना लागतात साडेपाच तासांहून जास्त. दुसऱ्या दिवशी वाचक नऊ-सव्वानऊलाच मोकळे होतात आणि फलकावर अकरापर्यंतची वेळ पाहून उशिरा आलेली माणसे रिकामे व्यासपीठ पाहून परततात. सातव्या दिवशी दुपार कलते तरी अठरावा संपत नाही, स्वयंपाकघरातून निरोप येऊ लागतात, ग्रंथाच्या मिरवणुकीसाठी भजनी मंडळ टाळ घेऊन दारात उभे असते. अशा वेळी वाचणारा वेग वाढवतो, आणि ज्या अध्यायात ज्ञानदेवांनी अख्ख्या गीतेचा समारोप केला आहे, तोच अध्याय श्रोत्यांना सर्वांत कमी ऐकू येतो. सात दिवस नेमाने येऊन बसलेल्या माणसावर हा अन्याय आहे.

यावर उपाय म्हणजे ओव्या मोजून वाटणी करणे. समजा, एका गावाच्या विठ्ठलमंदिरात रोज चाळीस मिनिटांच्या पाच पाळ्या ठेवल्या. एकूण दोनशे मिनिटे, म्हणजे नऊ सेकंदांच्या दराने रोज १३३३ ओव्या बसतात. सात दिवसांची क्षमता ९३३१ आणि ग्रंथ ९०३२ ओव्यांचा. तीनशे ओव्यांची, म्हणजे पाऊण तासाची मोकळीक उरते. ती लागतेच, वीज जाते, कुणी गावचे ज्येष्ठ दर्शनाला येतात, एखादा वाचक ठसक्याने थांबतो.

वाटणी अशी बसते. पहिल्या दिवशी अध्याय १ ते ५ पूर्ण, १३३१ ओव्या. दुसऱ्या दिवशी ६, ७, ८ आणि नवव्याच्या पहिल्या ३००. तिसऱ्या दिवशी उरलेला नववा, दहावा आणि विश्वरूपदर्शनाचा अकरावा पूर्ण. चौथ्या दिवशी बारावा आणि तेराव्याच्या हजार ओव्या. पाचव्या दिवशी उरलेला तेरावा, चौदावा, पंधरावा आणि सोळाव्याच्या १५०. सहाव्या दिवशी उरलेला सोळावा, सतरावा आणि अठराव्याच्या ५७५. सातव्या दिवसासाठी अठराव्याच्या १२३५ ओव्या उरतात, आणि पंधरा मिनिटे हातात शिल्लक राहतात. पसायदान ग्रंथाच्या अगदी शेवटच्या ओव्यांत येते. ते सगळ्यांनी उभे राहून सावकाश म्हणायचे असते. ती पंधरा मिनिटे त्यासाठी.

अध्याय मधे तोडायचा का, हा आक्षेप जुन्या वाचकांकडून हमखास येतो आणि तो समजून घेण्यासारखा आहे. अध्याय पुरा करूनच उठावे, असे त्यांना वाटते. पण तेरावा ११६९ ओव्यांचा आणि अठरावा १८१० ओव्यांचा असताना सगळीकडे ते जमणार नाही. एक पथ्य मात्र पाळता येते. थांबायची ओवी निवडताना गोल आकडा धरून बसू नये; ज्या श्लोकावरची टीका चालू आहे ती संपेल तिथे थांबावे. ज्ञानदेव एकेक दृष्टांत पाच-पाच, दहा-दहा ओव्या रंगवत नेतात. त्याच्या मध्येच थांबलो, तर दुसऱ्या दिवशी ऐकणाऱ्याला धागा लागत नाही. म्हणून वर दिलेले ३००, १०००, १५० आणि ५७५ हे आकडे अंदाजाचे समजावेत आणि पोथी उघडून जवळचा श्लोक पाहून पाच-पंचवीस ओव्या पुढेमागे करावेत.

सगळ्याच ग्रंथांना हा खटाटोप करावा लागत नाही. गुरुचरित्राच्या सप्ताहाची वाटणी परंपरेनेच ठरलेली आहे : पहिल्या दिवशी नवव्या अध्यायापर्यंत, दुसऱ्या दिवशी एकविसाव्यापर्यंत, मग एकोणतीस, पस्तीस, अडतीस, त्रेचाळीस आणि शेवटी समाप्ती. पाचव्या दिवशी तीनच अध्याय आहेत, कारण छत्तिसावा फार मोठा आहे. ज्याने कुणी ही वाटणी लावली, त्याने अध्याय मोजले नाहीत, वाचायला लागणारा वेळ मोजला.

पाळी चाळीस मिनिटांचीच का? माइकसमोर एका पट्टीत सलग वाचताना अर्ध्या-पाऊण तासानंतर घसा कोरडा पडतो आणि त्याआधी लक्ष ढळते. ओवी गळणे, एकच ओवी दोनदा येणे, पान उलटताना दोन पाने एकदम जाणे, हे प्रकार पाळीच्या शेवटच्या दहा मिनिटांत जास्त होतात. शेजारी पोथी घेऊन बसलेला माणूस त्यासाठीच हवा. पुढच्या पाळीचा वाचक दहा मिनिटे आधी येऊन व्यासपीठाच्या डाव्या अंगाला बसतो आणि बोटाने मागोमाग येतो. काही गळले, तर तो हलकेच ओवीचा आकडा सांगतो. पाळी बदलताना शेवटची ओवी दोघे मिळून म्हणतात, मग पहिला उठतो. वाचन तुटत नाही आणि जागाही चुकत नाही. शिखांच्या अखंड पाठात गुरू ग्रंथसाहिबाचे १४३० अंग सुमारे अठ्ठेचाळीस तासांत, रात्रंदिवस न थांबता, असेच पाळीपाळीने वाचले जातात. नांदेडच्या हुजूरसाहिबला ही परंपरा आपल्या महाराष्ट्रातच पाहायला मिळते. तिथे वाचन एक क्षणही थांबू द्यायचे नसते, त्यामुळे पाळी बदलणे हीच सर्वांत जपून करायची गोष्ट ठरते.

रोजच्या पाच पाळ्या सात दिवस, म्हणजे पस्तीस पाळ्या झाल्या. दहा वाचकांना तीन-तीन दिल्या की तीस होतात. राहिलेल्या पाच नवख्यांना द्याव्यात, त्यांत कॉलेजातली मुले-मुली असाव्यात, आणि त्या आठवड्याच्या मध्यात, मधल्या पाळीत ठेवाव्यात. पहिल्या पाळीला अनुभवी माणूस हवा, कारण तो दिवसाची चाल ठरवतो. शेवटच्या पाळीलाही अनुभवी हवा. मागे पडलेले शांतपणे भरून काढणे त्यालाच जमते. याशिवाय दोन बदली वाचकांची नावे तक्त्यात खाली लिहून ठेवावीत. ताप-सर्दी कुणाला विचारून येत नाही.

तक्ता करताना एक चूक फार वेळा होते. सप्ताहात वीणाही उभी असते. ती खाली ठेवायची नसते, म्हणून तिचा पहारा रात्रंदिवस चालतो : सात दिवसांचे १६८ तास, दोन-दोन तासांचे ८४ पहारे. वाचनाचा तक्ता एक जण करतो, पहाऱ्याचा दुसरा. आणि गावातली उत्साही माणसे दोन्हीकडे तीच असतात. मग रात्री दोन ते चार वीणा घेऊन उभा राहिलेला माणूस सकाळी सव्वासातला व्यासपीठावर दिसतो आणि दुसऱ्या पानावर त्याची मान झुकू लागते. दोन्ही तक्ते छापायच्या आधी शेजारी ठेवून नावे ताडून पाहावीत. रात्री दहानंतरचा पहारा ज्याच्याकडे, त्याला दुसऱ्या दिवशी वाचन नको.

सप्ताहाच्या तारखांचाही घोळ होतो. वीणा ज्या सकाळी उभी राहते, तिच्या आठव्या सकाळी काल्याचे कीर्तन होते. म्हणजे सात दिवसांच्या सप्ताहात तारखा आठ येतात. रविवारी सुरू झाला, तर वाचन शनिवारी संपते आणि काला पुढच्या रविवारी असतो. पत्रिकेत नुसते ‘रविवार ते रविवार’ छापले, की शेवटच्या रविवारी पोथी घेऊन येणारे दोन-चार जण असतातच. तिथी जरूर छापावी, परंपरा तीच आहे. पण तिथीचा क्षय किंवा वृद्धी झाली, की दिवस मोजणारा गोंधळतो, म्हणून वार आणि तारीख ठळक असावी.

आवाजाबाबत नियम स्पष्ट आहेत. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. ठरावीक सणा-उत्सवांसाठी राज्य सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकते, तीही वर्षाला पंधरा दिवसांहून जास्त नाही. म्हणून पहाटे चारचा काकडा बिनभोंग्याचा हवा, आणि फलकावर ‘काकडा : विनाध्वनिक्षेपक’ असे लिहिले की शेजारच्या आजारी माणसाच्या घरालाही दिलासा मिळतो. वाचनाचा ध्वनिक्षेपक मंडपाच्या आत, श्रोत्यांकडे तोंड करून, कानाच्या उंचीवर असावा. कळसावरच्या कर्ण्यातून ओवीचा अर्थ कुणालाच लागत नाही.

राहिली बैठक. तीस फूट रुंद आणि चाळीस फूट लांब सभामंडप म्हटला, की कार्यकर्ते म्हणतात, दोन-अडीचशे माणसे आरामात बसतील. कीर्तनाला बसतीलही, दाटीवाटीने. पारायणाला बसत नाहीत. पोथी घेऊन बसणाऱ्यापुढे लाकडी ठवणी असते आणि त्याला तास-दीड तास मांडी बदलत बसायचे असते. त्याला अडीच फूट रुंदी आणि तीन फूट खोली लागते. नुसते ऐकणाऱ्याला दोन फूट बाय अडीच फूट पुरतात. खुर्चीला दोन बाय तीन.

व्यासपीठ आणि त्याच्या पुढची मोकळी जागा यांत नऊ फूट जातात, एकतीस उरतात. मधोमध चार फुटांची वाट सोडली, की दोन्ही अंगांना तेरा-तेरा फूट राहतात. पोथीवाल्यांच्या एका ओळीत अशा दोन्ही बाजू मिळून दहा जण बसतात. चार ओळींत चाळीस. त्यांच्या मागे श्रोत्यांच्या चार ओळी, ओळीला बारा, एकूण अठ्ठेचाळीस. त्यांच्या मागे खुर्च्यांच्या दोन ओळी, चोवीस. शेवटचे तीन फूट दाराशी येण्याजाण्यासाठी. बेरीज होते एकशेबारा. दोनशे चाळीसचा अंदाज आणि एकशेबाराची खरी जागा, हा फरक पहिल्या दिवशी सकाळी कळला, तर वयस्कर माणसे उन्हात उभी राहतात. आधी कळला, तर बाहेर कनात लावता येते.

खुर्च्या मागे ठेवाव्या लागतात, कारण पुढे ठेवल्या तर जमिनीवर बसलेल्यांना व्यासपीठ दिसत नाही. पण ज्यांना खुर्ची लागते, त्यांच्यातल्याच अनेकांना कमी ऐकू येते. म्हणून भिंतीला लागून, अगदी पुढे, दोन्ही बाजूंना दोन-दोन खुर्च्या राखाव्यात आणि तसे सूचनेत लिहावे. न लिहिल्यास म्हातारी माणसे संकोचाने मागेच बसतात आणि काही न ऐकता घरी जातात.

एवढे सगळे ठरल्यावर सूचना लिहायला वेळ लागत नाही. ती अशी होते :

श्रीज्ञानेश्वरी पारायण सप्ताह
वाचन : रविवार ते शनिवार, रोज सकाळी ७.१५ ते ११.१०
पाळ्या : ७.१५, ८.००, ८.४५, (विश्रांती ९.२५ ते ९.४५), ९.४५, १०.३०
वाचकांनी आपल्या पाळीच्या दहा मिनिटे आधी यावे. वाचनाची प्रत : साखरे.
पोथी घेऊन बसणाऱ्यांसाठी पहिल्या चार ओळी. श्रोत्यांसाठी त्यामागे बैठक.
खुर्च्या मागे. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी पुढे भिंतीलगत चार खुर्च्या.
उशिरा येणाऱ्यांनी पाळी बदलताना आत यावे.
काला : पुढील रविवार, सकाळी १०. या दिवशी वाचन नाही.

पत्रिका वेगळी आणि ही सूचना वेगळी असावी. पत्रिकेत कीर्तनकारांची नावे, अन्नदात्यांची नावे, शुभेच्छुकांची छायाचित्रे येतात, आणि ज्यांनी पैसे-धान्य दिले त्यांचा तो मान आहे. पण त्या गर्दीत वाचनाची वेळ शोधावी लागू नये. सूचना पांढऱ्या कागदावर, काळ्या ठळक अक्षरांत, दोन पावले लांबून वाचता येईल अशी, दाराच्या उजव्या बाजूला लावावी. तिच्याखाली एक फळा ठेवावा आणि त्यावर रोज सकाळी खडूने लिहावे : आज कुठून, कुठपर्यंत, आणि पाच वाचकांची नावे. ज्याला फक्त अकरावा अध्याय ऐकायचा आहे, जिला दळण टाकून तासभरच येता येते, त्यांच्यासाठी तो फळा छापील पत्रिकेपेक्षा कामाचा असतो.

त्याच फळ्यावर रोज वाचन संपताच खरी पोहोचलेली ओवी लिहावी. तिसऱ्या दिवशी अकरावा पूर्ण व्हायला हवा. शंभर ओव्या मागे असाल, तर दुसऱ्या दिवशी पंधरा मिनिटे आधी बसून भरून निघते. तीनशे मागे असाल, तर सकाळी वेग वाढवू नये. संध्याकाळी हरिपाठाच्या आधी पाऊण तासाची जादा पाळी ठेवावी, बदली वाचकाला बसवावे आणि फळ्यावर ती वेळ दुपारच्या पंगतीच्या आत लिहून टाकावी, म्हणजे जेवून घरी जाणाऱ्यांना परत केव्हा यायचे ते कळते.